जोत्यातील भराव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घराच्या भिंतींचा भार पायामार्फत खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोचतो, परंतु तळमजल्याच्या फरशीचा भार बहुतेक घरांत पायावर येत नाही. भिंतींच्या मधली पोकळी माती किंवा मुरूम टाकून जोत्याच्या पातळीपर्यंत भरली जाते, त्यावर दगडांचे सोलिंग, त्यावर पीसीसी म्हणजे सळई नसलेल्या साध्या काँक्रीटचा थर आणि सर्वांत वर फरशी बसते. त्यामुळे फरशीला खरा आधार असतो तो या भरावाचा. भराव नीट दाबून बसवला नसेल, तर भिंती जागच्या जागी राहतात, मधली जमीन काही महिन्यांनी किंवा वर्षांनी खाली जाते आणि फरशी पोकळ होऊन तडकते. हे काम एकदा झाकले गेले की पुन्हा दिसत नाही, म्हणून त्याविषयीचे गैरसमजही वर्षानुवर्षे तपासले न जाता टिकून राहिले आहेत.

गैरसमज: भरपूर पाणी सोडले की भराव आपोआप बसतो.

वस्तुस्थिती: हा समज सर्वांत रूढ आहे आणि त्यात सत्याचा अंश असल्यामुळेच तो घातक ठरतो. स्वच्छ वाळूच्या भरावात पाणी सहज झिरपते आणि खाली उतरताना कणांना काही प्रमाणात जवळ आणते. बांधकामावर येणाऱ्या मुरमात मात्र बारीक माती मिसळलेली असते आणि अशा मातीचे वागणे वेगळे असते. कोरड्या मातीत कणाकणांतील घर्षण एवढे असते की ठोके मारूनही ते एकमेकांवर सरकत नाहीत. थोडे पाणी मिळाले की ते सरकून मधल्या पोकळ्यांत बसतात. पाणी फार झाले की तेच त्या पोकळ्या व्यापते आणि ठोक्याचा जोर मातीऐवजी पाण्यावर येतो. अशा वेळी एका जागी ठोका मारला की शेजारची माती लवते आणि उसळते. ज्या ओलाव्याला माती सर्वांत दाट बसते त्याला इष्टतम ओलावा म्हणतात. लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यात धरणांच्या कामावर असलेले अभियंता राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये ओलावा आणि घनता यांचा हा संबंध मांडला, आणि तो प्रयोगशाळेत तपासण्याची पद्धत आज आयएस २७२० या भारतीय मानकाच्या सातव्या भागात दिलेली आहे.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांतही जोते पाण्याने भिजवण्याचा उल्लेख आहे, आणि पाणी सोडून मोकळे होणारे त्याचाच दाखला देतात. परंतु तेथील क्रम लक्षात घेतला पाहिजे. भराव आधी थराथराने भरून, प्रत्येक थर ओला करून ठोकायचा असतो. पूर्ण उंची झाल्यावर पृष्ठभागावर पाणी सोडायचे, ते सुकू द्यायचे आणि पुन्हा ठोकायचे असते. म्हणजे पाणी सोडणे ही ठोकण्यानंतरची जादा खबरदारी आहे, ठोकण्याचा पर्याय नव्हे.

ओलावा बरोबर आहे की नाही, हे जागेवर ढोबळपणे पाहता येते. मुठीत घेऊन दाबलेल्या मातीचा गोळा टिकला, तळहाताला पाणी लागले नाही आणि गोळा कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर त्याचे मोजके तुकडे झाले, तर ओलावा ठोकण्याजोगा असतो. गोळा होतच नसेल तर माती कोरडी आहे, आणि पडल्यावर तो चिखलासारखा चपटा झाला तर पाणी जास्त झाले आहे.

गैरसमज: जोते एकदम भरून घ्यावे आणि वरून जोरात धुमस मारावी, नाहीतर एक पावसाळा जाऊ द्यावा.

वस्तुस्थिती: धुमस, म्हणजे दांड्याचा जड लोखंडी ठोकळा, किंवा कंप देणारे प्लेट कॉम्पॅक्टर यांचा जोर खोलीबरोबर झपाट्याने विरतो. ६० सेंटिमीटर सैल भरावावर कितीही ठोके मारले तरी वरचा वीतभर थर दगडासारखा होतो आणि त्याखालची माती जवळजवळ तशीच राहते. वरून चालणाऱ्याला भराव घट्ट वाटतो तो या कवचामुळे. म्हणूनच थराची जाडी २० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी, असा दंडक आहे. पावसाळ्याचा भरवसाही अपुरा आहे, कारण एवढ्या उंचीच्या भरावाचे स्वतःचे वजन त्याला दाट करण्यास पुरेसे नसते, आणि छप्पर झाल्यानंतर तर पाऊस तेथे पोहोचतच नाही. पुढे नळाची गळती, मोरीचे पाणी किंवा वर चढलेला भूजलाचा ओलावा त्या सैल मातीत शिरतो, कणांमधील पकड सुटते आणि भराव फरशीखालीच बसू लागतो.

याचा हिशोब एका खोलीवर मांडून पाहता येतो. खोली ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद असून सोलिंगखालचा भराव ६० सेंटिमीटर आहे, असे समजू. प्रयोगशाळेत त्या मुरमाची सर्वाधिक कोरडी घनता, म्हणजे पाण्याचे वजन वगळून एका घनसेंटिमीटरचे वजन, १.९० ग्रॅम भरली. सर्वसाधारणपणे जागेवर याच्या ९५ टक्के, म्हणजे सुमारे १.८० घनता मागितली जाते. केवळ पाणी मारून सोडलेला भराव १.६२ वर, म्हणजे ८५ टक्क्यांवर राहिला आणि पुढे ओलाव्याने तो ९० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १.७१ पर्यंत बसला, तर ६० सेंटिमीटरची उंची सुमारे ३ सेंटिमीटरने कमी होते. सळई नसलेला पीसीसीचा थर खालचा आधार सुटल्यावर वाकू शकत नाही. तो मोडतो, आणि त्याची भेग वरच्या फरशीत उमटते.

हेच काम नीट करायचे तर ट्रकमधून आलेला सैल मुरूम, त्याची घनता १.४४ धरल्यास, ठोकून १.८० वर आणताना एक चतुर्थांश अधिक लागतो. खोलीत बसलेला भराव ७.२ घनमीटर असेल, तर सैल माल ९ घनमीटर, म्हणजे जवळजवळ सव्वातीन ब्रास लागेल. या आकड्यातच घरमालकाला सहज करता येणारी तपासणी दडलेली आहे: त्या खोलीत ट्रकवर मोजलेला अडीच ब्रासच मुरूम मावला आणि जोते भरले, तर भराव दाबलाच गेलेला नाही. थरांसाठी भिंतीच्या आतल्या बाजूस दर १५ सेंटिमीटरवर गेरूची रेघ मारावी, प्रत्येक थर सैल असताना सुमारे १९ सेंटिमीटर पसरावा आणि ठोकून तो रेघेपर्यंत उतरल्याशिवाय पुढचा थर टाकू नये. अशा चार थरांत ही खोली पूर्ण होते.

गैरसमज: जागेवरच निघालेली काळी माती आणि राडारोडा भरला तरी चालतो; वरचे काँक्रीट सांभाळून घेते.

वस्तुस्थिती: काळी कापसाची माती ओल धरली की फुगते आणि सुकली की आकसते. ती कितीही ठोकली तरी हा गुण जात नाही. उलट कोरड्या स्थितीत दाट ठोकलेली काळी माती नंतर भिजली की अधिक जोराने वर उचलते. त्यामुळे अशा भरावावर फरशी खचण्याबरोबरच मधोमध फुगून वर येण्याचाही धोका असतो. राडारोड्यात विटांचे मोठे तुकडे एकमेकांवर अडकून मधे पोकळ्या राहतात, ज्यांत पुढे माती उतरते. लाकूड, मुळे आणि सिमेंटच्या पिशव्या कुजून आपली जागा रिकामी करतात. सोलिंगचे दगडही सैल मातीवर ठेवले तर मातीबरोबर खाली जातात. भरावासाठी न फुगणारा, मोठी ढेकळे फोडलेला आणि कचरा काढलेला मुरूमच योग्य ठरतो.

गैरसमज: भिंतीलगत भेग पडली म्हणजे पाया खचला, नाहीतर फरशीच खराब होती.

वस्तुस्थिती: भिंतीलगतची जागाच भरावात सर्वांत कच्ची राहते आणि त्याला दोन कारणे आहेत. पायाचा खड्डा भिंतीपेक्षा रुंद खणलेला असतो, त्यामुळे खोलीच्या मध्यभागी ६० सेंटिमीटर भराव असला तरी भिंतीला लागून तो पायाच्या तळापर्यंत, अनेकदा दीड मीटरपर्यंत खोल जातो. तसेच यंत्राची प्लेट कोपऱ्यात आणि भिंतीला चिकटून फिरत नाही. म्हणून पायाच्या खड्ड्यातील जागा आधी थराथराने भरून घ्यावी, कोपरे आणि मलनिस्सारणाच्या नळाचे चर हाताच्या धुमसेने ठोकावेत, आणि नव्या बांधकामाने पुरेशी ताकद धरल्याखेरीज त्यालगत जड यंत्र चालवू नये.

दोष कोठे आहे, हे लक्षणांवरून बरेचसे ओळखता येते. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेली फरशीची पट्टी, भिंतीबरोबर जागेवर राहून तिच्या आणि जमिनीच्या मधे फट पडली असेल, आणि भिंतींत तिरप्या भेगा नसतील, तर पाया शाबूत असून भराव खचला आहे. भिंतींनाही दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या असतील, तर मात्र पायाची तपासणी करावी लागते. फरशी ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज एकटा निर्णायक नसतो, कारण फरशीखालचा मसाला सुटला तरी तो येतो. पातळीत फरक पडला आहे का, हे लांब सरळ पट्टी ठेवून पाहिले पाहिजे.

गैरसमज: भराव पुरेसा बसला की नाही, हे मिस्त्रीच्या अनुभवावरच सोडावे लागते.

वस्तुस्थिती: हे वजनकाट्यावर मोजता येते. बारीक मातीच्या भरावात कोअर कटर, म्हणजे सुमारे १००० घनसेंटिमीटर मापाचे धारदार कडेचे पोलादी नळकांडे, ठोकून बसवतात आणि भरलेल्या मातीसह बाहेर काढतात. त्यातील ओली माती १८६० ग्रॅम भरली आणि भट्टीत वाळवून पाहिल्यावर ओलावा कोरड्या वजनाच्या १२ टक्के निघाला, तर १८६० ला १.१२ ने भागून कोरडे वजन सुमारे १६६० ग्रॅम, म्हणजे कोरडी घनता सुमारे १.६६ येते. वरच्या उदाहरणातील १.९० शी ताडून पाहता ती ८७ टक्केच भरते, म्हणजे तो थर पुन्हा ठोकला पाहिजे. खडे असलेल्या मुरमात नळकांडे नीट शिरत नाही; तेथे लहान खड्डा खणून निघालेली माती तोलतात आणि खड्ड्याचे आकारमान मोजलेल्या कोरड्या वाळूने भरून काढतात. ही चाचणी प्रत्येक थरावर व्हावी लागते, कारण सर्वांत वरच्या थराचा आकडा खालच्या थरांविषयी काहीच सांगत नाही.

लहान घराच्या कामात प्रयोगशाळेची चाचणी प्रत्येक वेळी होईलच असे नाही, पण थराची जाडी, मुठीतील ओलावा आणि ब्रासचा हिशोब यांना कोणतेही उपकरण लागत नाही. या तीन गोष्टी ठेकेदाराशी झालेल्या लेखी करारात घालाव्यात आणि त्या तपासल्याखेरीज सोलिंगला परवानगी देऊ नये. फरशी बसल्यानंतर भराव खचला, तर पोकळीत सिमेंटचे पातळ मिश्रण भरून मर्यादित उपयोग होतो, कारण त्याने पोकळी भरते, पण खालची सैल माती दाट होत नाही. खात्रीचा उपाय हा फरशी आणि काँक्रीट फोडून भराव नव्याने थराथराने बसवण्याचाच उरतो.