दावा नामंजूर, पण कोणत्या कलमाखाली?

सीमाभागातील खेड्यात विमा कंपनीचे नकाराचे पत्र येते, ते बहुधा इंग्रजीत आणि दोन-तीन ओळींचे असते. ‘आपला दावा पॉलिसीच्या अटी व शर्तींनुसार प्रतीक्षा काळात येत असल्याने देय नाही’, एवढाच त्याचा मथितार्थ. घरातला शिकलेला मुलगा ‘पैसे मिळणार नाहीत’ असे सांगतो आणि पत्र ट्रंकेत जाते. मात्र अशा पत्राचे नुसते भाषांतर करून भागत नाही. कोणते कलम लावले आणि दाद कोठे मागायची, या दोन गोष्टी समोर येतील अशा रीतीने ते नव्याने लिहून काढावे लागते.

एक उदाहरण घेऊ. खानापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याने २० ऑगस्ट २०२५ रोजी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतली व ३८,००० रुपयांचा दावा केला, असे समजा. कंपनीचे उत्तर वरीलप्रमाणेच आले. आता तेच पत्र नीट लिहिले तर असे होईल:

‘आपला ३८,००० रुपयांचा दावा आम्ही नामंजूर केला आहे. त्यासाठी विशिष्ट आजार व शस्त्रक्रियांच्या प्रतीक्षा काळाचे कलम लावले आहे. या कलमानुसार पहिली पॉलिसी सुरू झाल्यापासून सलग २४ महिने पूर्ण होईपर्यंत मोतीबिंदूचा खर्च मिळत नाही. आमच्या नोंदीप्रमाणे आपली पॉलिसी १ जून २०२४ रोजी सुरू झाली. शस्त्रक्रियेच्या दिवशी १४ महिनेच पूर्ण झाले होते. शस्त्रक्रिया अपघातामुळे करावी लागली असल्यास हे कलम लागू होत नाही. आधीच्या कंपनीकडील विमा खंड न पडता आमच्याकडे वर्ग झाला असल्यास तो काळ यातून वजा होतो. निर्णय मान्य नसल्यास आमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जाता येईल.’

इतके स्पष्ट लिहिताच खरा प्रश्न कोठे आहे ते दिसते. या शेतकऱ्याचा विमा १ जून २०२३ पासून दुसऱ्या कंपनीकडे होता आणि तो रीतसर पोर्ट करून नव्या कंपनीकडे आणलेला होता. कंपनीने महिने मोजले ते आपल्या पॉलिसीपासून. पहिल्या तारखेपासून मोजल्यास २४ महिने ३१ मे २०२५ रोजीच पुरे झाले होते. भांडण कलमाचे नव्हते, तारखेचे होते. आणि मूळ पत्रात तारीखच नव्हती!

मात्र येथे एक मेख आहे. जुनी पॉलिसी सोडून दुसरीकडे नवी घेतली आणि रीतसर पोर्ट केले नाही, तर मागचा काळ धरला जात नाही. पोर्ट करताना विम्याची रक्कम वाढवली असेल, तर वाढीव रकमेपुरता प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होतो. म्हणून जुन्या पॉलिसींचे कागद जपून ठेवावेत.

कंपनीच्या पत्रात कलमच नसेल तर? आरोग्य विम्याबाबत विमा नियामकाच्या २०२४ च्या आदेशानुसार दावा नाकारताना पॉलिसीतील नेमक्या अटीचा उल्लेख करणे कंपनीवर बंधनकारक आहे. म्हणून पहिल्या तक्रारीतच विचारावे: ‘कोणते कलम लावले? मुदत कोणत्या तारखेपासून मोजली?’ सोबत जुन्या पॉलिसीच्या प्रती जोडाव्यात आणि पोच घ्यावी. ही पोच पुढे फार मोलाची ठरते, कारण लोकपालांकडे जाण्यापूर्वी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते.

कंपनीने ही तक्रारही फेटाळली, तर त्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत लोकपालांकडे अर्ज करता येतो. उत्तरच आले नाही, तर तक्रारीनंतरचा एक महिना संपल्यापासून वर्ष मोजावे. कर्नाटकातील रहिवाशांसाठी लोकपालांचे कार्यालय बेंगळूर येथे आहे, cioins.co.in या संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो. फी नाही, वकिलाची गरज नाही. ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे तेथे चालतात. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र त्याच प्रकरणी ग्राहक न्यायालयात दावा चालू असेल, तर लोकपाल तक्रार घेत नाहीत.

पत्र असे लिहून काढल्यावर कधी कधी कंपनीचेच बरोबर असल्याचेही दिसून येईल. विमा पहिल्यांदाच १ जून २०२४ रोजी घेतला असता आणि अपघाताचाही संबंध नसता, तर या शेतकऱ्याला दाद मागून काहीच मिळाले नसते. तेही वेळीच कळणे चांगले. निदान हेलपाटे वाचतात.