वड्यातलं तेल वजनात का दिसत नाही?

संध्याकाळी साडेसहाला दादर स्टेशनबाहेरच्या गाडीवर एक जिमवाला तरुण वडापाव हातात घेऊन मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभा असतो. रात्री कोचला दिवसभराचे मॅक्रो पाठवायचे असतात. अ‍ॅपमध्ये ‘वडापाव’ टाइप केलं की पाच-सहा नोंदी येतात आणि त्यातल्या दोन नोंदीही एकमेकींशी जुळत नाहीत. ‘1 नग’ एवढंच सगळीकडे लिहिलेलं. नग केवढा, त्यात वडा किती ग्रॅमचा, सुकी चटणी चिमूटभर की मूठभर, हे कुठेच नाही. तरुण त्यातली सर्वांत कमी कॅलरींची नोंद निवडतो. माणूस सहसा तेच करतो.

मॅक्रो म्हणजे कर्बोदकं, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ यांचं ग्रॅममधलं गणित. कर्बोदकांच्या आणि प्रथिनांच्या एका ग्रॅमला साधारण 4 कॅलरी, स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमला 9. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नघटकांची कोष्टकं काढली. त्यांत बटाटा, हरभरा डाळ, शेंगदाणा, खोबरं असं सगळं आहे, पण ते सुटं सुटं. गाडीवरचा वडापाव त्यातून आपला आपणच जुळवायचा. तो जुळवायला अवघड नाही, फक्त एक जागा सोडून. ती जागा म्हणजे वडा कढईतून बाहेर काढताना सोबत किती तेल घेऊन आला.

सोप्या भागापासून सुरुवात करू. गाडीवरचा वडापाव बांधून घरी आणावा, उलगडावा आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर त्याचे तुकडे वेगवेगळे ठेवावेत. समजा, पाव भरला 42 ग्रॅम, वडा 76, चमच्याने खरवडून काढलेली सुकी लाल चटणी 6, गोड चटणी 5 आणि हिरवी 3. एकूण 132 ग्रॅम. लादीपावाचा हिशेब ब्रेडसारखाच: 42 ग्रॅममध्ये 21 ग्रॅम कर्बोदकं, साडेतीन ग्रॅम प्रथिनं, जेमतेम एक ग्रॅम स्निग्ध. म्हणजे 107 कॅलरी. पावाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

वडा मात्र गुंतागुंतीचा. मधे बटाट्याची भाजी, भोवती बेसनाचं कवच आणि त्या कवचात मुरलेलं तेल. भाजी आणि बेसन घरी करून मोजता येतं, पण तेलापाशी बहुतेक जण फसतात. पहिली युक्ती सगळ्यांना तीच सुचते: कच्च्या वड्याचं वजन घ्यायचं, तळल्यावर पुन्हा घ्यायचं, वाढलं तेवढं तेल. करून पाहिलं तर वजन वाढत नाही, उलट थोडं कमी होतं. मग ‘आमचा वडा तेल पीतच नाही’ असा आनंददायक निष्कर्ष निघतो.

तो खोटा आहे. वडा तेलात सोडल्यावर जे बुडबुडे उसळतात, ते तेलाचे नसतात. पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. जोवर वाफ जोरात बाहेर येते, तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. खरी गंमत वडा झाऱ्यावर आल्यावर होते. कवच निवू लागतं, छिद्रांमधली वाफ आक्रसते, आतला दाब उतरतो आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणजे वडा बरंचसं तेल कढईबाहेर पितो. पाणी गेलं आणि तेल आलं, आणि काट्याला फक्त त्यांची वजाबाकी दिसते.

म्हणून वडा नाही, कढई मोजायची. दहा वड्यांचा घाणा धरू. बटाट्याच्या भाजीचे पन्नास-पन्नास ग्रॅमचे दहा गोळे. 200 ग्रॅम बेसन आणि 300 ग्रॅम पाणी मिळून पीठ. तळण्याआधी थंड तेलासकट कढईचं वजन लिहून ठेवायचं. सगळं तळून झाल्यावर तेल पूर्ण निवू द्यायचं, तरंगणारा चुरा गाळून काढायचा आणि कढई पुन्हा काट्यावर ठेवायची. गरम कढई काट्यावर ठेवणाऱ्याचा काटाही जातो आणि हातही भाजतो. समजा, तेल 78 ग्रॅमने कमी झालं. त्यातलं काही चुऱ्यात गेलं, काही कागदाने टिपलं. कागदाचं आधीचं आणि नंतरचं वजन घेतलं आणि चुऱ्यात त्याच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा तेल धरलं, की आठेक ग्रॅम वजा होतात. उरले 70 ग्रॅम, म्हणजे वड्यामागे 7.

आता पडताळा. पिठाचं भांडंही आधी-नंतर मोजलं असेल, तर चुऱ्यात गेलेलं सोडून 280 ग्रॅम पीठ वापरलेलं दिसेल, वड्यामागे 28. म्हणजे कच्चा वडा 78 ग्रॅमचा. तळलेला भरला 76. काट्यावर फरक दिसतो दोन ग्रॅमचा, प्रत्यक्षात नऊ ग्रॅम पाणी उडून गेलं आणि सात ग्रॅम तेल येऊन बसलं. त्या 28 ग्रॅम पिठात बेसन अकराच ग्रॅम होतं, हेही इथेच कळतं. बाकी पाणी.

या आकड्यांवर वड्याचा हिशेब उभा राहतो. भाजीत बटाटा सुमारे 48 ग्रॅम. त्यातून साडेनऊ ग्रॅम कर्बोदकं येतात आणि प्रथिनं ग्रॅमभरही नाहीत. फोडणीचं तेल एक ग्रॅम. बेसनातून सहा-साडेसहा ग्रॅम कर्बोदकं, अडीच ग्रॅम प्रथिनं आणि स्वतःचं पाऊण ग्रॅम तेल. (बेसनाच्या कर्बोदकांबाबत दोन कोष्टकं वेगळं बोलताना दिसतील. एकात तंतू धरलेले असतात, दुसऱ्यात वगळलेले. अकरा ग्रॅम बेसनात हा फरक ग्रॅम-दीड ग्रॅमचा, त्यावर रात्र जागवू नये.) वर तळणाचं सात ग्रॅम. बेरीज: कर्बोदकं 16, प्रथिनं तीनच्या थोडी वर, स्निग्ध पदार्थ पावणेनऊ. म्हणजे 156 कॅलरी, आणि त्यातल्या 79 स्निग्ध पदार्थांच्या. ज्या बटाट्याला सगळे नावं ठेवतात त्याचा वाटा चाळीसेक कॅलरींचा, आणि जे तेल दिसतही नाही त्याचा 63.

तेलाचा आकडा गाडीगाणिक बदलतो, त्याला कारणं आहेत. पिठात सोडा जास्त पडला की कवच फुगतं, जाळीदार होतं आणि जाळीत तेल मावतं. तेल पुरेसं तापण्याआधी वडे सोडले किंवा एका घाण्यात खूप वडे कोंबले, तर तेलाचं तापमान उतरतं, वडे जास्त वेळ कढईत राहतात आणि कवच कडक व्हायच्या ऐवजी मऊ, तेलकट होतं. आधी अर्धवट तळून ठेवलेला वडा गर्दी झाल्यावर पुन्हा तळला, तर निवताना तेल पिण्याची संधी त्याला दोनदा मिळते. वडा मधोमध फोडला की बरंचसं समजतं. कवच पातळ, कोरडं आणि आत लगेच बटाटा लागला, तर पाच-सहा ग्रॅम धरावेत. कवच जाड आणि बोटाला चकाकी आली, तर दहा-बारा. कागदावरच्या डागावर मात्र विसंबू नये. तो डाग वड्याने सोडून दिलेल्या तेलाचा असतो, पोटात जाणाऱ्याचा नाही.

मग चटण्या. हिरवी चटणी म्हणजे कोथिंबीर, मिरची आणि पाणी. तीन ग्रॅमची नोंद न केली तरी चालते. गोड चटणीत चिंचेसोबत गूळ किंवा खजूर असतो. पाच ग्रॅमला दहा कॅलरी, त्याही साखरेच्या. खरा छुपा गडी म्हणजे सुकी लसणाची चटणी. ती तिखट लागते म्हणून हलकी वाटते. पण सुकं खोबरं जवळपास दोन तृतीयांश स्निग्धच असतं, शेंगदाणा निम्मा. लसूण, लाल तिखट आणि मीठ धरूनही सहा ग्रॅम चटणीत अडीच ग्रॅमच्या आसपास स्निग्ध आणि तीसेक कॅलरी भरतात. हाताला सैल गाडीवाला पावाच्या दोन्ही बाजूंना चटणी थापतो आणि वर ‘अजून देऊ?’ विचारतो. तिथे सहाचे पंधरा ग्रॅम सहज होतात आणि 45 कॅलरी कुणाच्याही नकळत वाढतात. चुरा घातला असेल तर आणखी. कीर्ती कॉलेजजवळच्या वडापावची ख्याती ज्या कुरकुरीत चुऱ्यामुळे आहे, तो म्हणजे तळणात सांडलेलं पीठ, सगळंच कवच आणि आत बटाटा नाही. दहा ग्रॅम चुऱ्याला 50 कॅलरी धरल्या तर अतिशयोक्ती होत नाही.

आपल्या 132 ग्रॅमच्या वडापावची गोळाबेरीज अशी: कर्बोदकं 41 ग्रॅम, प्रथिनं साडेसात, स्निग्ध पदार्थ 12, कॅलरी 300च्या आसपास. यात एक मजेशीर गोष्ट दडली आहे. ‘पाव नको, नुसता वडा द्या’ म्हणणाऱ्याची कर्बोदकं निम्मी होतात हे खरं, पण बेसन असलेल्या वड्यापेक्षा किंचित जास्त प्रथिनं त्या टाकून दिलेल्या पावातच होती. आणि स्निग्ध पदार्थ कमी झाले ते एका ग्रॅमने.

रोज कढई तोलणं कुणालाच शक्य नाही. त्यासाठी याच हिशेबातून एक ठोकताळा काढता येतो: वड्याच्या ग्रॅमला दोन कॅलरी, पावाच्या ग्रॅमला अडीच, सुक्या चटणीच्या ग्रॅमला पाच. नेहमीच्या गाडीवरचा वडापाव एकदाच घरी आणून सुटा तोलला की पुढे तोच आकडा चालतो, कारण एका गाडीचा वडा रोज साधारण त्याच आकाराचा असतो. वडा तेलकट निघाला त्या दिवशी चाळीस वाढवायचे. बटर लावून पाव तव्यावर भाजून दिला, तर पाच ग्रॅमच्या चमच्याला 36.

नाशिकच्या उलट्या वडापावापाशी हा ठोकताळाही हात टेकतो. तिथे पावाच्या पोटात सारण भरून अख्खा पावच बेसनात बुडवून तळतात. कवचाचा घेर मोठा, पीठ जास्त, आणि बेसन जिथे नीट बसलेलं नसेल तिथे आतला पाव स्पंजासारखा तेल ओढतो. त्याच्या पावाला अडीच आणि सारणाला दोन असा वेगवेगळा भाव लावता येत नाही. त्याचं तेल कळायचं असेल तर घाणा घरी काढून कढईच पुन्हा काट्यावर ठेवावी लागते.