टाचेची भेग आणि वाढलेली साखर

हिवाळा लागला की टाचा फुटतात, हे मराठी घरांना नवं नाही. मधुमेहींच्या टाचा मात्र भर पावसाळ्यातही कोरड्या राहू शकतात. याचं एक मोठं कारण म्हणजे न येणारा घाम. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की पायांच्या नसा कमजोर होतात आणि घामाच्या ग्रंथींना चालना देणाऱ्या बारीक नसाही त्यातून सुटत नाहीत. घाम थांबला की कातडी राठ होते, नडग्यांना खाज सुटते. साखर फार वाढली तर लघवीवाटे पाणी जाऊन कोरडेपणा आणखी वाढतो.

समजा, साठीतले एक गृहस्थ या खाजेवर उपाय म्हणून कढत पाण्याने अंघोळ करतात आणि वज्रीने टाचा खसखसून घासतात. त्वचेवर उरलंसुरलं तेलही त्यात निघून जातं आणि टाचेला चीर पडते. ती दुखत नाही, कारण पायाची संवेदनाच बोथट झालेली असते. मोज्यावर डाग दिसतो तेव्हा कुठे लक्ष जातं.

तोवर जखम मागे पडलेली असते. पायाकडचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो आणि वाढलेल्या साखरेत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मंदावतात. खाजवून झालेला ओरखडा किंवा पुटकुळीही म्हणूनच रेंगाळते. नडगीवरचे तपकिरी, गोलसर, किंचित खोलगट आणि न दुखणारे डाग वेगळे. मधुमेहात ते बऱ्याच जणांना दिसतात, निरुपद्रवी असतात आणि त्यांना उपचार लागत नाहीत.

खरी काळजी अंघोळीनंतरच्या काही मिनिटांत घेतली जाते. पाणी कोमट असावं. ते कोपराने किंवा दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावं, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. अंग टिपून घ्यावं आणि कातडी जराशी ओलसर असतानाच क्रीम लावावं. राठ टाचांना दहा टक्के युरिया असलेलं क्रीम चांगलं. उघड्या भेगेवर मात्र ते झोंबतं. साधी पेट्रोलियम जेलीही चालते. कोकणात टाचांना कोकमाचं तेल लावतात, तेही कातडी मऊ ठेवतं. बोटांच्या बेचक्यांत मात्र काहीच लावू नये. तिथे ओल राहिली की बुरशी धरते आणि कातडी पांढरी, भिजल्यासारखी दिसू लागते. कुरूप काढण्याच्या पट्ट्यांमधलं आम्ल धडधाकट कातडीही जाळतं, त्यामुळे त्या मधुमेहींसाठी नाहीतच.

रोज रात्री तळव्यांखाली आरसा धरून पाहावं. भेगेतून रक्त किंवा पाणी आलं, तर हळद दाबून वाट पाहण्यापेक्षा दुसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टरांना दाखवावं. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, म्हणून हाताची मागची बाजू आधी एका पायाला, मग दुसऱ्याला लावावी. एक पाय जास्त गरम लागला, सुजला, पू किंवा वास आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लालीची कड पेनाने आखून ठेवली तर ती पसरते आहे का, हे डॉक्टरांनाही कळतं. एरवी आटोक्यात असलेली साखर अचानक वाढणं हीदेखील संसर्गाची खूण असू शकते. ताप, थंडी किंवा काळी पडलेली कातडी दिसली तर रात्र असली तरी थेट रुग्णालयात जावं.