अटकेचा कागद कोणत्या भाषेत?

जामिनाकडे आज वळायचं होतं. पण मागच्या लेखावर राळेगाव तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे : कोलाम पोडावरच्या माणसाला अटक झाली, पोलिसांनी अटकेची कारणं मराठीत लिहून दिली, तर कायदा पाळला गेला का? प्रश्न मोलाचा आहे, म्हणून जामीन पुढच्या आठवड्यात.

६ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन मसीह यांच्या पीठाने, वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघात प्रकरणात नियम घालून दिला. गुन्हा कोणताही असो, अटकेचा आधार आरोपीला लेखी द्यायचा, आणि तोही त्याला समजेल अशा भाषेत. तिथल्या तिथे लिहून देणं शक्यच नसेल तर आधी तोंडी सांगायचा, पण रिमांडसाठी न्यायाधीशांपुढे उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हातात पडला पाहिजे. त्याआधी, मे २०२४ मध्ये, प्रबीर पुरकायस्थ यांच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली होती. ‘पुरावा नष्ट होऊ नये म्हणून’ किंवा ‘पुढील गुन्हा टाळण्यासाठी’ ही छापील वाक्यं कुणालाही लागू पडतात. तो अटकेचा आधार नव्हे. समजा, मोटारपंप चोरल्याच्या संशयावरून एकाला धरलं. तर कोणत्या तारखेला, कोणत्या शिवारातून, कोणाचा पंप गेला आणि संशय याच माणसावर का आला, हे त्या कागदावर हवं. सकाळी अकराला त्याला राळेगावच्या न्यायालयात उभं करणार असतील तर नऊच्या आत कागद त्याला मिळायला हवा.

दोन तासांचा हा हिशेब वकिलासाठी आहे. नेमका आरोप कळल्याशिवाय वकील कोठडीला विरोध तरी कशाच्या जोरावर करणार? नातेवाइकांचंही तसंच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ नुसार अटकेची आणि माणूस कुठे ठेवला आहे याची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला द्यावी लागते, कोणाला कळवलं याची नोंद ठाण्याच्या वहीत करावी लागते, आणि हे झालं की नाही याची खात्री न्यायाधीशांनी करून घ्यायची असते. कलम ३८ प्रमाणे चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, मात्र वकील पूर्ण चौकशीभर शेजारी बसू शकत नाही. भेट थोडकीच असल्याने आरोपीला आपल्यावरचा आरोप आधीच समजलेला असणं जास्त गरजेचं ठरतं.

आता भाषेचा मुद्दा. तो निकाली निघाला आपल्याच नागपूरच्या प्रकरणात, १९६२ साली. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो खटला. स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत दिली होती. त्या गृहस्थांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांनी हिंदी प्रत मागितली, ती नाकारली गेली. अधिकाऱ्याने हिंदीत समजावून सांगितलं होतं, एवढं पुरे, असं सरकारचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही : कारणं त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत आणि लिपीत हवीत, नुसतं तोंडी भाषांतर चालणार नाही. अटकेच्या कागदालाही हेच माप लावलं, तर ज्याला मराठी बाजारापुरतीच येते, त्या कोलामाला ‘फिर्यादीच्या ताब्यातील मालमत्तेचा अपहार’ असली मराठी देऊन कायदा पाळला जात नाही. कोलामीला स्वतःची लिपी नाही, हे खरं. पण ती देवनागरीत लिहिता येते. आरोपीला वाचता येत नसेल तर पोडावरच्या शिकलेल्या माणसाकरवी कागद कोलामीत वाचून दाखवावा, कोणी वाचला ते त्यावर नोंदवावं, आणि मराठी प्रत वकिलासाठी सोबत द्यावी. हा शेवटचा मार्ग कुठल्या निकालात लिहिलेला नाही. हरिकिसन आणि नोव्हेंबर २०२५ या दोन निकालांचा अर्थ मी असा लावतो.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, रंगेहाथ सापडलेल्याला कारण कशाला सांगायचं? कारण आपण काय केलं हे त्याला माहीत असलं, तरी पोलिसांनी त्याच्यावर नेमका कोणता आरोप ठेवला आहे ते माहीत नसतं, आणि बचाव त्याविरुद्धच करायचा असतो. दुसरा आक्षेप असा की कागदाच्या चुकीने गुन्हेगार सुटतो. तो सुटतो कोठडीतून. खटला संपत नाही. नोव्हेंबरच्या निकालातच सोय आहे : लेखी आधार दिल्यावर कोठडी का हवी ते सांगून पोलीस पुन्हा अर्ज करू शकतात, आणि न्यायाधीशांनी तो शक्यतो आठवड्याभरात निकाली काढायचा.

नातेवाइकांनी ठाण्यात गेल्यावर लेखी आधाराची प्रत मागावी आणि आरोपीला ती किती वाजता मिळाली ते टिपून ठेवावं. वकील नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावं. कोठडीतल्या माणसाला आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.