ट्रिप्टोफॅन ओपेरॉन: चौदा दुव्यांच्या साखळीवर ठरणारे प्रतिलेखन

ई. कोलाय हा जीवाणू ट्रिप्टोफॅन हे अमायनो आम्ल स्वतः तयार करू शकतो. त्यासाठी लागणारी विकरे घडवणारी पाच जनुके त्याच्या डीएनएवर एकामागोमाग एक बसलेली आहेत आणि त्या पाचांची मिळून एकच लांब आरएनए प्रत निघते. जनुकांच्या अशा एकत्र चालणाऱ्या गटाला ओपेरॉन म्हणतात. ट्रिप्टोफॅन तयार करणे जीवाणूला फार महाग पडते. ते आयते मिळत असताना ही पाच जनुके चालू ठेवणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी. म्हणून या ओपेरॉनवर दोन पातळ्यांचे नियंत्रण आहे.

पहिली पातळी पाठ्यपुस्तकांतून बऱ्यापैकी परिचित आहे. पेशीत ट्रिप्टोफॅन मुबलक असले की ते रिप्रेसर नावाच्या प्रथिनाला चिकटते, ही जोडी जनुकांच्या आधी असलेल्या ऑपरेटर या जागेवर जाऊन बसते आणि आरएनए पॉलिमरेज या विकराला प्रतिलेखन सुरूच करू देत नाही. दुसरी पातळी, म्हणजे अटेन्युएशन, प्रतिलेखन सुरू झाल्यानंतर काम करते. निघालेली आरएनए प्रत पहिल्या जनुकापर्यंत जाऊ द्यायची की वाटेतच तोडायची, हे तिथे ठरते.

ही दुसरी पातळी आहे याचा सुगावा अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात चार्ल्स यानोफ्स्की यांच्या प्रयोगशाळेत लागला. रिप्रेसर निकामी झालेल्या जीवाणूंमध्ये हा ओपेरॉन पूर्ण जोरात चालायला हवा होता, पण त्यांना ट्रिप्टोफॅनची टंचाई जाणवू लागली की तो आणखी जोर धरी. ऑपरेटर आणि पहिले जनुक यांच्यामधला डीएनएचा काही भाग गळालेला असेल, तर विकरांचे उत्पादन कित्येक पटींनी वाढलेले दिसे. एथेल जॅक्सन आणि यानोफ्स्की यांनी 1973 मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले. गाळल्याने उत्पादन वाढते, याचा अर्थ त्या भागात उत्पादन रोखणारे काहीतरी होते. पुढच्या चार-पाच वर्षांत त्या भागाची अक्षरे वाचली गेली आणि रोखणारी गोष्ट सापडली.

पहिल्या जनुकाआधी आरएनएची 162 अक्षरे येतात. या तुकड्याला लीडर म्हणतात. त्यातल्या 27 व्या अक्षरापासून एक छोटा पेप्टाइड लिहिलेला आहे. त्याची अमायनो आम्ले क्रमाने अशी: मेथिओनिन, लायसिन, अॅलानिन, आयसोल्युसिन, फेनिलअॅलानिन, व्हॅलिन, ल्युसिन, लायसिन, ग्लायसिन, ट्रिप्टोफॅन, ट्रिप्टोफॅन, आर्जिनिन, थ्रिओनिन, सेरिन. एकूण चौदा, आणि मग थांबण्याचा कोडॉन. तयार झालेल्या पेप्टाइडचे या नियंत्रणात काहीच काम नाही. महत्त्व आहे ते त्याच्या भाषांतरणाला, म्हणजे रायबोसोम ही चौदा पावले कशी टाकतो याला. आणि नजर थांबायला हवी दहाव्या आणि अकराव्या जागेवर. ट्रिप्टोफॅन हे प्रथिनांमधले सर्वांत विरळ अमायनो आम्लांपैकी एक, ई. कोलायच्या प्रथिनांत साधारण शंभरात एक जागा त्याला मिळते. चौदा जागांच्या पेप्टाइडमध्ये ते लागोपाठ दोनदा यावे हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

लीडरच्या आरएनएमध्ये एकमेकांना पूरक असे चार पट्टे आहेत. पूरक पट्टे जवळ आले की आरएनएचा धागा स्वतःवरच दुमडतो आणि केसांत खोचायच्या आकड्यासारखी घडी पडते. पहिला पट्टा दुसऱ्याशी जुळू शकतो, दुसरा तिसऱ्याशी आणि तिसरा चौथ्याशी. मात्र एक पट्टा एका वेळी एकाच जोडीदाराशी बांधला जाईल. दुसऱ्याने तिसऱ्याला अडकवले तर चौथा एकटा पडतो. दुसरा गुंतलेला किंवा झाकलेला असेल तर तिसरा चौथ्याशी मोकळेपणाने जुळतो.

यातली तिसऱ्या-चौथ्याची घडी घातक आहे. तिच्यात जी आणि सी या अक्षरांच्या घट्ट जोड्या भरपूर आहेत आणि तिच्यानंतर लगेच यू हे अक्षर ओळीने आठ वेळा येते. ही घडी पडली की पॉलिमरेज अडखळते, यू अक्षरांची डीएनएवरची पकड मुळातच दुबळी असते आणि आरएनएचा धागा सुटून येतो. साधारण 140 अक्षरांवर प्रतिलेखन संपते आणि पाच जनुकांपैकी एकाचीही प्रत निघत नाही. हाच अटेन्युएटर.

आता प्रश्न उरतो तो कोणती घडी पडणार याचा. त्याचे उत्तर जीवाणूंच्या एका वैशिष्ट्यात आहे. त्यांच्या पेशीत केंद्रक नसते, त्यामुळे आरएनए पॉलिमरेजमधून बाहेर पडत असतानाच रायबोसोम तिच्यावर चढतो आणि भाषांतरण सुरू करतो. पॉलिमरेज पुढे आणि रायबोसोम तिच्या पाठोपाठ, अशी दोघांची वाटचाल एकाच धाग्यावर चालते. रायबोसोम मोठा असतो. ज्या कोडॉनवर तो उभा असतो त्याच्या पुढचीही दहाएक अक्षरे त्याच्या अंगाखाली झाकली जातात, आणि झाकलेले अक्षर घडी घालू शकत नाही.

या मापाने हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ट्रिप्टोफॅनचे दोन कोडॉन 54 ते 59 या अक्षरांवर आहेत, म्हणजे पहिल्या पट्ट्याच्या अगदी आत. थांबण्याचा कोडॉन 69 ते 71 वर आहे आणि दुसरा पट्टा 74 पासून सुरू होतो. पेशीत ट्रिप्टोफॅन भरपूर असेल, तर ते वाहून आणणारे टी-आरएनए भरलेले तयार असतात. रायबोसोम दहावी आणि अकरावी जागा न अडखळता ओलांडतो आणि थांबण्याच्या कोडॉनवर पोचतो. तिथून पुढची दहा अक्षरे म्हणजे साधारण 81 पर्यंतचा भाग. दुसऱ्या पट्ट्याची सुरुवात झाकली गेली. त्याला तिसऱ्याशी जुळता येत नाही, तिसरा चौथ्याला धरतो आणि प्रतिलेखन तुटते.

ट्रिप्टोफॅनची टंचाई असेल तर भरलेले टी-आरएनए येतच नाहीत. रायबोसोम 54 व्या अक्षरापाशी खोळंबतो. पहिला पट्टा त्याच्या अंगाखाली दडपला जातो, पण झाकलेला भाग 70 च्या अलीकडेच संपतो आणि दुसरा पट्टा पूर्ण मोकळा राहतो. पॉलिमरेजमधून तिसरा पट्टा बाहेर पडताच दुसरा त्याला पकडतो. मागाहून चौथा येतो तेव्हा त्याला जोडीदार उरलेला नसतो. घातक घडी पडत नाही आणि पॉलिमरेज थेट पाच जनुकांमध्ये शिरते.

यात वेळेचा मेळ बसणे अत्यावश्यक आहे. पॉलिमरेज फार पुढे निघून गेली, तर रायबोसोमची स्थिती ठरायच्या आतच घड्या पडून जातील. ही अडचण पहिल्या-दुसऱ्या पट्ट्यांच्या घडीने सुटते. हे दोन पट्टे बाहेर आले की तेही दुमडतात, आणि त्या घडीमुळे पॉलिमरेज 92 व्या अक्षराच्या आसपास क्षणभर थबकते. मागून येणारा रायबोसोम ती घडी उलगडतो तेव्हाच ती पुढे सरकते. या नियंत्रणातला सर्वांत सुबक भाग हाच म्हणावा लागेल, कारण दोन स्वतंत्र यंत्रे इथे एकमेकांच्या गतीला बांधली जातात.

रायबोसोम चढलाच नाही तर? तेव्हा पहिला-दुसरा पट्टा जोडीने बांधलेलेच राहतात, तिसरा चौथ्याशी जुळतो आणि प्रतिलेखन तुटते. लीडर पेप्टाइडचा सुरुवातीचा कोडॉन बिघडलेल्या उत्परिवर्तित जीवाणूंमध्ये नेमके हेच दिसले: ट्रिप्टोफॅनची उपासमार करूनही त्यांचा ओपेरॉन नीट खुलत नाही. 75 व्या अक्षरावर जीच्या जागी ए आलेल्या जीवाणूंचेही तसेच होते, कारण तिथे दुसऱ्या-तिसऱ्याची जोडी कमकुवत होते. घड्यांची ही मांडणी केवळ कागदावरची नाही, याचा हा भक्कम पुरावा आहे.

आणखी दोन निरीक्षणे यंत्रणेचा खरा स्वभाव सांगतात. ट्रिप्टोफॅनला टी-आरएनएवर चढवणारे विकर सदोष असेल, तर पेशीत ट्रिप्टोफॅन असूनही प्रतिलेखन पुढे चालू राहते. म्हणजे अटेन्युएशन मोजते ते भरलेल्या टी-आरएनएचे प्रमाण. रिप्रेसरला सुटे ट्रिप्टोफॅन कळते. अटेन्युएटरला ते प्रथिने बांधायच्या कामी उपलब्ध आहे की नाही हे कळते. दुसरे निरीक्षण आर्जिनिनचे. आर्जिनिनची उपासमार केली तरी अटेन्युएशन सैल होते. बाराव्या जागेवर आर्जिनिन आहे आणि तिथे अडलेला रायबोसोमही पहिला पट्टा झाकतो, दुसऱ्यापर्यंत मात्र पोचत नाही. पेप्टाइडच्या सुरुवातीलाच, म्हणजे दुसऱ्या जागेवरच्या लायसिनवर अडलेला रायबोसोम पहिल्या पट्ट्यापासून दूर असतो, म्हणून तिथला खोळंबा उपयोगी पडत नाही.

अटेन्युएशन हा पूर्ण बंद होणारा दरवाजा नाही. ट्रिप्टोफॅन भरपूर असतानाही दहातली साधारण एक प्रत निसटून पुढे जाते. त्यामुळे त्याने पडणारा फरक आठ ते दहा पटींचा असतो. रिप्रेसरमुळे सुमारे सत्तर पटींचा फरक पडतो. दोन्हींचा गुणाकार होतो, आणि कमाल व किमान उत्पादनात सुमारे सहाशे-सातशे पटींचे अंतर पडते. टंचाई सौम्य असली की आधी रिप्रेसर बाजूला होतो. भरलेले टी-आरएनए कमी पडण्याइतकी ती तीव्र झाली, तरच अटेन्युएशन उठते.

याच पद्धतीने ई. कोलाय आणि त्याच्या जवळच्या जीवाणूंमध्ये इतरही अमायनो आम्लांचे ओपेरॉन चालतात. हिस्टिडिन ओपेरॉनच्या लीडर पेप्टाइडमध्ये ओळीने सात हिस्टिडिन आहेत. तिथे रिप्रेसर नाहीच, सगळी भिस्त अटेन्युएशनवर आहे. पण प्रत्येक जीवाणूने हाच मार्ग धरलेला नाही. बॅसिलस सबटिलिसमध्ये ट्रिप्टोफॅनच्या जनुकांआधीची घडी रायबोसोम ठरवत नाही. तिथे अकरा उपघटकांचे, ट्रॅप नावाचे चक्राकार प्रथिन ट्रिप्टोफॅन मिळाल्यावर आरएनएला स्वतःभोवती गुंडाळून घेते आणि प्रतिलेखन तोडते. आपल्यासारख्या केंद्रकधारी सजीवांच्या जनुकांना मात्र लीडर पेप्टाइडचा हा मार्ग खुला नाही, कारण त्यांची आरएनए प्रत केंद्रकात तयार होते आणि रायबोसोम तिला केंद्रकाबाहेरच वाचतात.