घेर बरोबर, तरी हॉपर बुटका

परभणी, जिंतूर, मानवत, गंगाखेड, कुठल्याही रस्त्याला वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनचं एखादं शेड दिसतंच. हंगामाच्या तोंडावर तिथे मळणी यंत्रं, डाळ मिलची छोटी यंत्रं आणि पिठाच्या गिरण्या दुरुस्तीला येतात, आणि बहुतेकांना एक गोष्ट नवी हवी असते ती म्हणजे हॉपर. वर रुंद, खाली निमुळता, ज्यात धान्य ओतलं की ते आपल्या वजनाने खाली यंत्रात उतरतं. चौकोनी हॉपर चार तुकड्यांचा, त्यात फार डोकं लागत नाही. गोल हॉपर मात्र सपाट पत्र्यातून एकाच तुकड्यात काढायचा असतो, आणि तो तुकडा नेमका कुठल्या आकाराचा कापायचा इथे गाडी अडते.

पहिला मोह असा की तुकडा सरळ कडांचा कापावा, वर रुंद आणि खाली अरुंद, म्हणजे समलंब चौकोन. तो वळवला की वरचं तोंड एका पातळीत राहत नाही. सांध्यापाशी कड वर चढते, समोरच्या बाजूला खाली बसते, आणि मग ग्राइंडर फिरत राहतो. शंकू उलगडला की त्याच्या कडा सरळ राहत नाहीत, त्या दोन्ही कमानी होतात आणि दोन्ही कमानींचं केंद्र एकच असतं. दहावीच्या गणितात ‘शंकूछेद’ आणि ‘वर्तुळपाकळी’ हे दोन शब्द येतात. हॉपर म्हणजे शंकूछेद, आणि त्याचा उलगडलेला पत्रा म्हणजे टोकाकडचा भाग कापून टाकलेली वर्तुळपाकळी.

एक माप घेऊ. वरचा व्यास ६०० मिलिमीटर, खालचा १२०, उभी उंची ३२०. दोन व्यासांतला फरक ४८०, त्याचा निम्मा २४०. म्हणजे हॉपरची भिंत ३२० खाली उतरताना २४० आत सरकते. २४० आणि ३२० या काटकोनातल्या दोन बाजू धरल्या तर कर्ण येतो बरोबर ४००. ही तिरकस उंची. पत्र्यावर दोन कमानींमधलं अंतर एवढंच असणार, कारण पत्रा भिंतीच्या उतारावरून चालतो, हवेतून उभा खाली जात नाही.

आता मोठी त्रिज्या. भिंत तशीच पुढे वाढवत नेली तर कुठेतरी तिचं टोक येईल, आणि कंपासचा पाय तिथेच रोवायचा आहे. हे साधं त्रैराशिक आहे: ४०० मिलिमीटर तिरकस चाललो तेव्हा व्यास ४८० ने घटला, मग सगळा ६०० घटायला किती चालावं लागेल? ५००. खालच्या १२० व्यासासाठी याच हिशेबाने १००. म्हणून बाहेरची कमान ५०० च्या त्रिज्येने, आतली १०० च्या. मधे ४०० उरले, म्हणजे ताळा जुळला.

पाकळीचा कोन त्याहून सोपा आहे. २४० ला ४०० ने भागा, येतं ०.६. त्याला ३६० ने गुणा, येतात २१६ अंश. या आकड्यात कुठलाही एक व्यास स्वतंत्रपणे आलेला नाही. कोन फक्त भिंतीच्या उतारावर ठरतो, त्रिज्या व्यासांवर ठरतात. हे एकदा ध्यानात आलं की एकाच उताराचे लहानमोठे हॉपर करताना कोन पुन्हा काढावा लागत नाही. पत्र्याच्या जाडीचा प्रश्नही यातच सुटतो. ६०० आणि १२० ही बाहेरची मापं असतील आणि पत्रा २ मिलिमीटरचा असेल तर हिशेब जाडीच्या मधल्या रेषेवर, ढोबळमानाने ५९८ आणि ११८ वर करावा. फरक तोच ४८०, तिरकस उंची तीच, कोन तोच २१६. फक्त दोन्ही त्रिज्या सुमारे पावणेदोन मिलिमीटरने आत येतात.

आता खरी फसगत. घाईत तिरकस उंची काढायची राहते आणि ३२० ची उभी उंचीच पत्र्यावर मांडली जाते. मग त्रैराशिकाने बाहेरची त्रिज्या ४०० येते, आतली ८०, आणि घेर जुळवायचा म्हणून कोन २७० अंश. बाहेरच्या कमानीवर टेप धरा: १८८५ मिलिमीटर, म्हणजे ६०० व्यासाचा अचूक घेर. आतली कमान ३७७, तीही १२० ला बरोबर. कारागीर निर्धास्त होऊन कापतो. वळवून टाके मारले की दोन्ही रिंगा चपखल बसतात, पण हॉपरची उंची भरते जेमतेम २१२. तब्बल १०८ मिलिमीटर गायब.

नुकसान नुसतं दिसण्याचं नाही. ३७ लिटरचा हॉपर २५ लिटरचा होतो. त्याहून वाईट म्हणजे भिंतीचा उतार जमिनीशी ५३ अंश हवा होता तो ४१ वर येतो. कोरड्या सोयाबीनचा ढीग साधारण ३० अंशांच्या आसपास थांबतो, म्हणून वाळलेला माल ४१ वरूनही कसाबसा उतरेल. पण पावसात सापडलेला, कचरा मिसळलेला माल भिंतीला बसून राहतो आणि गिऱ्हाईक काठीने हॉपर बडवत उभं राहतं. दोष यंत्राला दिला जातो, चूक मात्र मार्किंगची असते. घेर मोजून ही चूक कधीच सापडत नाही. कमानींमधलं अंतर मोजलं तरच सापडते: ते ४०० असायला हवं, ३२० नव्हे.

शेडमध्ये २१६ अंश मोजायला मोठा कोनमापक बहुधा नसतो, त्याची गरजही नाही. ५०० ची कमान मारल्यावर कंपास न हलवता त्याच मापाची तीन पावलं कमानीवर टाका, अर्धवर्तुळ म्हणजे १८० अंश झाले. उरलेल्या ३६ अंशांसाठी ३०९ मिलिमीटरचं एक सरळ अंतर घ्या. टेप कमानीवरून वाकवत १८८५ मोजण्यापेक्षा हे जास्त खात्रीचं, कारण टेप घसरतो. पत्र्याच्या कडा एकमेकींवर चढवून जोडायच्या असतील तर दहा मिलिमीटरची पट्टी कडेला समांतर वाढवा. कोन वाढवून ती जागा घेऊ नका. बाहेर दहा वाढलेले आत दोनच उरतात आणि सांधा खालच्या तोंडापाशी अपुरा पडतो.

वळवतानाही तोच केंद्रबिंदू धरायचा. केंद्रातून निघणाऱ्या रेषा पत्र्यावर खडूने आखून घ्याव्यात आणि प्रत्येक ठोका किंवा दाब त्या रेषेवरच द्यावा. पत्रा एका कडेला समांतर वळवत गेलं की तोंडं तिरपी होतात आणि सांध्याच्या कडा कात्रीसारख्या सरकतात.

ही रीत सगळीकडे चालत नाही. ३०० वरून २८० वर येणारा, एक मीटर उंचीचा नळकांड्यासारखा तुकडा घ्या. त्याची मोठी त्रिज्या १५ मीटर येते. एवढा कंपास कुठल्या शेडमध्ये मावणार? तिथे घेराचे बारा-सोळा भाग पाडून त्रिकोण-त्रिकोण जोडत आकार काढतात. दोन्ही तोंडं एका रेषेवर नसतील, खालचं बाजूला सरकलेलं असेल, तर तिथेही त्रिकोणच.

पत्रा कापण्याआधी एक करा. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर आपण काढलेल्या मापांचा दहावा भाग काढा; हिशेब बरोबर असेल तर ५० मिलिमीटरची कमान, आत १० ची, कोन २१६. वळवून चिकटवा, टेबलावर ठेवा आणि उभी पट्टी लावा. उंची ३२ आली तर कात्री पत्र्याला लावा. २१ आली तर कर्ण काढायचा राहिलाय.