सिकलसेलच्या मुलाच्या तापात सकाळची वाट पाहू नका

दिल्ली, गुरुग्राम, नोएडात कामासाठी आलेल्या कुटुंबांत विदर्भ, छत्तीसगड, ओडिशा या सिकलसेलच्या पट्ट्यातलीही माणसे असतात. अशा घरातल्या सिकलसेल असलेल्या तीन वर्षांच्या मुलाला रात्री 101.5 अंश फॅरेनहाइट ताप आला, तर ‘व्हायरल असेल, सकाळी पाहू’ हे म्हणणे स्वाभाविक वाटते. बहुतेक ताप व्हायरलच असतात, हेही खरे. पण रक्तातले जंतू गाळणारी प्लीहा सिकलसेलमध्ये लहानपणीच निकामी होऊ लागते. मग न्यूमोकोकससारखा जंतू काही तासांत जीव घेऊ शकतो, आणि सुरुवातीला मूल बरेच बरे दिसते. म्हणून 101.3 अंशांच्या वर ताप गेला, की लगेच रुग्णालयात रक्ताचे कल्चर घेऊन, अहवालाची वाट न पाहता शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात. रोज पेनिसिलिन घेणाऱ्या मुलालाही हा नियम लागू आहे. पेनिसिलिनने धोका घटतो, संपत नाही.

तापाआड आणखी दोन संकटे लपतात. खोकला, छातीत दुखणे, वेगाने श्वास ही फुप्फुसाच्या ‘ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम’ची चिन्हे आहेत; पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी हा सिंड्रोम नंतर उमटू शकतो. दुसऱ्यात रक्त अचानक प्लीहेत अडकते: मूल पांढरेफटक, मलूल होते आणि डाव्या बरगडीखाली गाठ हाताला लागते. तिथे हळूच बोटे टेकवून पाहायला आईवडिलांनी शिकून घ्यावे. महानगरातल्या डॉक्टरला हा आजार क्वचितच दिसत असेल. म्हणून रुग्णालयाच्या दारातच पहिले वाक्य सांगा: ‘याला सिकलसेल आहे.’